देवनागरी शब्दांची एकरूपता आणि बीजशब्दांची पडताळणी

१

जबलपूरच्या सिव्हिल लाइन्स भागात राहणाऱ्या एका मराठी विद्यार्थिनीने गेल्या हिवाळ्यात आपल्या संशोधनविषयाचा सुमारे दोनशे शब्दांचा सारांश एका संस्थेकडे धाडला. १९५६ पूर्वीच्या मध्यप्रांत व वऱ्हाडातील मराठी कुटुंबांचा वाङ्मयव्यवहार हा तिचा विषय. १९०३ साली वऱ्हाडचा कारभार मध्यप्रांताला जोडला गेला आणि अमरावती व जबलपूर ही दोन्ही एका प्रशासनाखाली आली. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि जबलपूर मध्यप्रदेशात राहिले. या अर्धशतकात जबलपुरात वस्तीस राहिलेल्या मराठी मंडळींची पत्रे, हस्तलिखिते आणि छोटी नियतकालिके हे तिच्या अभ्यासाचे साहित्य होते.

संस्थेने सारांशासाठी पाच बीजशब्द नेमून दिले होते : वऱ्हाड, वाङ्मय, गढ़ा, अंतःसंबंध आणि स्थलांतर. यांपैकी किमान चार शब्द सारांशात आलेच पाहिजेत, अशी अट होती. आलेल्या सारांशांची पहिली छाननी संगणकाच्या एका आज्ञावलीने व्हावयाची आणि तीत उतरलेले सारांशच पुढे परीक्षकांच्या हाती पडावयाचे, अशी व्यवस्था होती. विद्यार्थिनीचा सारांश परत आला. शेरा होता : "पाचपैकी एक बीजशब्द आढळला." आढळलेला शब्द 'स्थलांतर' हा होता.

ती सारांश घेऊन माझ्याकडे आली, तेव्हा पाचही शब्द मी स्वतःच्या डोळ्यांनी वाचले. वऱ्हाड तीनदा आला होता, वाङ्मय दोनदा, उरलेले तीन एकेकदा. तिने आपलेच शुद्धलेखन चुकले असावे असे समजून शब्दकोशात प्रत्येक शब्द ताडून पाहिला होता. कोशातील रूप आणि तिचे रूप यांत काडीचाही फरक नव्हता. फरक होता, परंतु तो कागदावर दिसणारा नव्हता.

हा फरक कोठे असतो, तो कसा ओळखावा, आणि शब्द ताडून पाहण्यापूर्वी दोन्ही बाजूंचा मजकूर एकरूप कसा करून घ्यावा, हे प्रस्तुत लेखात या एका उदाहरणाच्या आधारे पाहावयाचे आहे. एकरूप करण्याचे हे काम अतिरेकाने केले, तर भिन्न शब्दही एक होऊन बसतात. म्हणून ते कोठे थांबवावे, हाही प्रश्न त्याबरोबरच येतो.

२

संगणक अक्षराची आकृती साठवीत नाही, तो तिच्या घटकांचे क्रमांक साठवितो. युनिकोड या सर्वमान्य संकेतव्यवस्थेत देवनागरीला U+0900 ते U+097F हा पट्टा दिलेला आहे. क या व्यंजनाला एक क्रमांक, काना या चिन्हाला दुसरा, हलन्तचिन्हाला तिसरा. पडद्यावर जे जोडाक्षर आपण पाहतो, ते या क्रमांकांच्या ओळीवरून टंकाने त्या क्षणी घडविलेले असते. दोन शब्द समान आहेत किंवा नाहीत हे ठरविताना आज्ञावली आकृतीकडे पाहत नाही. ती क्रमांकांच्या दोन ओळी शेजारी ठेवते आणि एकाही स्थानी फरक आढळला की शब्द भिन्न मानते.

यातून दोन परस्परविरुद्ध गोष्टी संभवतात. मराठी वळणाचा ल आणि हिंदी वळणाचा ल डोळ्याला स्पष्ट वेगळे दिसतात. महाराष्ट्र शासनाने २००९ साली लिपीच्या प्रमाणीकरणाचा निर्णय काढताना मराठी वळणाचा आग्रह धरला, तो यासाठीच. परंतु संगणकाच्या दृष्टीने ही दोन्ही वळणे U+0932 या एकाच क्रमांकाची आहेत. वळण बदलते ते टंकामुळे. येथे दिसणे भिन्न आणि असणे एक. याच्या उलट स्थिती विद्यार्थिनीच्या सारांशात होती : दिसणे एक आणि असणे भिन्न.

ती उघडी करण्याचा उपाय सोपा आहे. संशयित शब्दाचे क्रमांक सुटे करून छापून घ्यावयाचे. तसे केल्यावर 'वऱ्हाड' या शब्दाच्या पुढील दोन ओळी मिळाल्या. पहिली संस्थेच्या यादीतील, दुसरी सारांशातील :

```
0935 0931 094D 0939 093E 0921
0935 0930 094D 200D 0939 093E 0921
```

पहिली सहा घटकांची आहे, दुसरी सात. ही घटकसंख्या हीच पहिली खूण होय. दोन शब्द डोळ्यांना एक दिसतात, पण त्यांची लांबी संगणक निरनिराळी सांगतो, असे आढळले की क्रमांक सुटे करून पाहावेत. लांबी सारखी असूनही घटक भिन्न असू शकतात, हे मात्र विसरू नये. त्याचे उदाहरण पुढे येईल.

३

चार शब्द नाकारले गेले ते चार निरनिराळ्या कारणांनी. सोप्याकडून अवघडाकडे जाऊ.

'गढ़ा' हे जबलपूरच्या परिसरातील गावाचे, आणि गढ़ा-मंडला या गोंड राज्याचे नाव. मराठीत आपण ते बहुधा नुक्त्याविना लिहितो. परंतु यादीत ते स्थानिक हिंदी रूपाने, ढ खाली टिंब देऊन आले होते आणि विद्यार्थिनीनेही तसेच लिहिले होते. युनिकोडमध्ये हे अक्षर दोन प्रकारे लिहिता येते : ढ़ हे संपूर्ण अक्षर म्हणून (U+095D), किंवा ढ (U+0922) लिहून त्यापुढे नुक्ता (U+093C) देऊन. यादीत पहिला प्रकार होता, सारांशात दुसरा. भेड़ाघाट हे नाव लिहितानाही हाच प्रसंग येतो.

या दोन लेखनांना युनिकोडने स्वतःच समान मानले आहे आणि मजकूर एका ठरीव रूपात आणण्याच्या रीती सांगून ठेवल्या आहेत. त्यांना नॉर्मलायझेशन म्हणतात. आपण समरूपीकरण म्हणू. सर्वाधिक प्रचारात असलेल्या रीतीचे नाव NFC. ही रीती सामान्यतः सुटे घटक जोडून संपूर्ण अक्षर करते. परंतु क़ पासून य़ पर्यंतच्या आठ नुक्तायुक्त अक्षरांना (U+0958 ते U+095F) तिने अपवाद केला आहे. ती अक्षरे जोडली न जाता उलट सुटी केली जातात. म्हणून NFC लावल्यावर यादीतील ढ़ सुटा झाला आणि सारांशातील होता तसाच राहिला, दोन्ही जुळले. येथे ध्यानात घ्यावयाची गोष्ट अशी की, बदल यादीतील शब्दात करावा लागला. यादी ही प्रमाण आणि लेखकाचा मजकूर तेवढा संशयित, असे धरून केवळ मजकुराचे समरूपीकरण केले असते तर 'गढ़ा' कधीच सापडला नसता. समरूपीकरण नेहमी दोन्ही बाजूंचे, आणि एकाच रीतीने करावे लागते.

'वाङ्मय' या शब्दाची गोष्ट वेगळी. सारांशात ङ् आणि म यांच्यामध्ये एक अदृश्य चिन्ह होते : U+200C. त्याला शून्यरुंदीचा वियोजक म्हणता येईल. ज्याला स्वतःची रुंदी नाही आणि जो आपल्या दोन बाजूंच्या अक्षरांचे जोडाक्षर होऊ देत नाही, असा हा घटक. ङ् चा पाय मोडलेला दिसावा आणि टंकाने काही अपरिचित जोडाक्षर घडवू नये, एवढ्यासाठी जाणकार मंडळी हा शब्द लिहिताना तो घालतात. बहुतेक टंकांत ङ् आणि म यांचे जोडाक्षर नसतेच. तेथे वियोजक असो वा नसो, छपाईत दिसणारा शब्द तोच राहतो. क्रमांकांत मात्र सहाचे सात होतात.

NFC या चिन्हाला हात लावीत नाही. ते काढावयाचे तर स्वतंत्र नियम करावा लागतो. मराठीत वियोजक शब्दाचा अर्थ बदलीत नाही, केवळ मांडणी सुचवितो. म्हणून तुलनेपुरता तो काढण्यास हरकत नसते.

'अंतःसंबंध' येथे विसर्गाच्या जागी विद्यार्थिनीने अपूर्णविरामाची कळ दाबली होती. विसर्ग U+0903, अपूर्णविराम U+003A. दोन्ही दोन टिंबेच. दुःख, अंतःकरण, निःशब्द हे शब्द या पद्धतीने लिहिलेले आपल्याला जागोजाग भेटतात, आणि छापलेल्या कागदावर मुद्रितशोधकाची नजरही तेथे क्वचितच अडते. घटकसंख्या दोन्हीकडे सारखीच भरते, म्हणून लांबीवरून हा दोष सापडत नाही. क्रमांकच पाहावे लागतात. ही दोन चिन्हे मूलतः भिन्न असल्यामुळे NFC ने ती एक करावीत, अशी अपेक्षाही करता येत नाही. नियम आपणच करावा लागतो : दोन्ही बाजूंना देवनागरी अक्षर आहे आणि मध्ये मोकळी जागा नाही, असा अपूर्णविराम आढळला तर तो विसर्ग समजावा. वेळ दाखविणाऱ्या आकड्यांमधील अपूर्णविराम यातून आपोआप वगळला जातो. मात्र 'स्वतः' किंवा 'मुख्यतः' यांच्याप्रमाणे विसर्ग शब्दाच्या शेवटी असेल, तर हा नियम लंगडा पडतो. कारण तेथे खरा अपूर्णविरामही असू शकतो. अशा शब्दांची लहानशी यादीच करून ठेवणे बरे.

४

आता उरला 'वऱ्हाड'. मराठी वाचकाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा प्रसंग हाच आहे, कारण तो मराठीच्या वर्णव्यवस्थेतून निर्माण झालेला आहे.

र् पुढे व्यंजन आले की मराठीत त्याची दोन रूपे संभवतात. 'सूर्य', 'कार्य' या शब्दांत तो पुढील अक्षराच्या डोक्यावर रफार होऊन बसतो. 'वऱ्हाड', 'तऱ्हा', 'दऱ्या', 'सुऱ्या' या शब्दांत तो पुढील अक्षराच्या डाव्या अंगाला पापणीसारख्या आडव्या रेषेने लागतो. याला आपण आडवा र म्हणू. हिंदीच्या प्रमाणलेखनात त्याची गरज पडत नाही. मराठीत त्याच्यावाचून चालत नाही, कारण तो अर्थभेदक आहे. 'दर्या' म्हणजे समुद्र, 'दऱ्या' म्हणजे दरीचे अनेकवचन. 'आचार्यास' वंदन करावयाचे असते, 'आचाऱ्यास' स्वयंपाकाची वर्दी द्यावयाची असते. भाषाशास्त्राच्या परिभाषेत ज्यांना लघुतमभेदी जोड्या म्हणतात, तशा या जोड्या आहेत.

हा आडवा र संगणकात कसा लिहावा याची दोन उत्तरे इतिहासक्रमाने दिली गेली. भारतीय मानक IS 13194:1991, ज्याला आपण इस्की म्हणून ओळखतो, त्यात ऱ हे निराळे व्यंजन घेऊन त्याचा पाय मोडला की आडवा र मिळतो. हा ऱ मूळचा द्राविडी भाषांतील एका वर्णाच्या लिप्यंतरासाठी ठेवलेला. त्याच्या अर्ध्या रूपाला मराठीचे काम देण्यात आले. युनिकोडच्या १९९६ च्या दुसऱ्या आवृत्तीत वेगळी वाट होती : साधा र, त्यापुढे हलन्तचिन्ह, आणि त्यापुढे शून्यरुंदीचा संयोजक (U+200D). संयोजक हा वियोजकाचा भाऊ. तोही अदृश्यच असतो, परंतु मागील व्यंजनाचे अर्धे रूप दाखवावे असे तो टंकाला सुचवितो. पुढे युनिकोडने इस्कीशी सुसंगत असा ऱ चा मार्ग मुख्य मानला आणि जुना मार्ग जुन्या मजकुरासाठी चालू ठेवला. आज दोन्ही मार्गांनी लिहिलेला शब्द पडद्यावर सारखाच उमटतो. इन्स्क्रिप्ट कळफलकावर ऱ ला स्वतंत्र स्थान आहे, म्हणून त्याच्यावर शिकलेला लेखक सहसा पहिल्या मार्गाने जातो. अन्य साधने वापरणारा, किंवा जुन्या मजकुरातून शब्द उचलणारा, नकळत दुसऱ्या मार्गाने गेलेला असतो.

युनिकोडने या दोन लेखनांना समान घोषित केलेले नाही. म्हणून NFC लावल्यावरही 'वऱ्हाड' च्या वर दिलेल्या दोन ओळी जशाच्या तशा राहतात. NFC ही सर्व लिप्यांसाठी केलेली किमान व्यवस्था आहे. एका भाषेच्या लेखनाची सर्व वळणे तिच्यात येत नाहीत, ती त्या भाषेच्या जाणकारालाच भरून काढावी लागतात.

आणि येथेच मोठा धोका आहे. विद्यार्थिनीची तक्रार पोहोचल्यावर आज्ञावली दुरुस्त करणाऱ्या गृहस्थांनी पहिला प्रयत्न केला तो असा : NFC लावावी आणि अदृश्य चिन्हे सरसकट पुसून टाकावीत. अनेक ठिकाणी हाच उपाय सुचविलेला आढळतो आणि तो वरवर निर्दोष वाटतो. 'वाङ्मय' त्याने जुळलाही. परंतु 'वऱ्हाड' मधला संयोजक पुसला गेला, तेव्हा मागे उरले र, हलन्तचिन्ह आणि ह; म्हणजे आडव्या र च्या जागी रफार आला आणि 'वर्हाड' असा मराठीत नसलेला शब्द तयार झाला. तो यादीतील शब्दाशी जुळणे शक्यच नव्हते.

न जुळणे हा त्यातल्या त्यात सौम्य दोष, कारण तो निदान तक्रारीला जागा देतो. याहून वाईट ते चुकीचे जुळणे. जुन्या मार्गाने लिहिलेल्या 'आचाऱ्यास' या शब्दातून संयोजक पुसला की निखळ 'आचार्यास' उरतो, आणि 'आचार्य' हा बीजशब्द स्वयंपाकघराच्या वर्णनातही सापडू लागतो. दऱ्यांचा समुद्र होतो. हा दोष कोणाच्या लक्षात येत नाही, कारण ज्याला फुकट गुण मिळाला तो तक्रार घेऊन येत नाही.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी र, हलन्तचिन्ह व संयोजक ही तिकडी ओळखून तिच्या जागी ऱ व हलन्तचिन्ह घालावयाचे. अर्थ वाहणारा संयोजक अशा रीतीने सुरक्षित झाला, की मग उरलेले संयोजक व वियोजक पुसावयाचे. ते उरलेले केवळ शोभेचे असतात : 'रक्त' मधील क् अर्धा दिसावा की त याच्याशी एकजीव व्हावा, एवढाच त्यांचा विषय. वियोजकाला निरुपद्रवी ठरविणारे कारण र च्या पुढील संयोजकाला लागू पडत नाही, ही या साऱ्या प्रकरणातील मध्यवर्ती गोष्ट होय.

५

वर सांगितलेले सर्व नियम क्रमाने मांडले म्हणजे आज्ञावलीचा भाग पुढीलप्रमाणे होतो. तो पायथॉन भाषेत आहे.

```python
import re, unicodedata

def samarup(s):
    s = unicodedata.normalize("NFC", s)
    s = s.replace("\u0930\u094D\u200D", "\u0931\u094D")
    s = re.sub("[\u200B\u200C\u200D\uFEFF]", "", s)
    s = s.replace("\u0905\u0945", "\u0972")
    s = re.sub("(?<=[\u0904-\u0963]):(?=[\u0904-\u0963])",
               "\u0903", s)
    return s
```

पहिली ओळ नुक्त्याची व्यवस्था लावते. दुसरी आडवा र वाचविते. तिसरी उरलेली अदृश्य चिन्हे पुसते. संयोजक व वियोजक यांच्यासह, अन्य मजकुरातून उचलताना चिकटून येणारी आणखी दोन अदृश्य चिन्हे तीत घेतली आहेत. पाचवी विसर्गाची.

चौथ्या ओळीचा प्रसंग आपल्या सारांशात नव्हता, पण मराठीत तो वारंवार येतो. ॲ हे स्वतंत्र अक्षर (U+0972) युनिकोडमध्ये २००८ साली दाखल झाले. तोपर्यंत 'ॲड.' किंवा 'ॲल्युमिनियम' लिहू इच्छिणारा अ लिहून त्यावर चंद्र देत असे, आणि जुन्या सवयीने अनेकजण अजूनही देतात. ही दोन लेखने NFC एक करीत नाही. काही यंत्रांवर अ आणि चंद्र यांच्यामध्ये ठिपक्यांचे वर्तुळ उमटते. तसे वर्तुळ दिसले की हे जुने लेखन आहे असे खुशाल समजावे. जेथे वर्तुळ उमटत नाही, तेथे दोन्ही रूपे डोळ्याला एकच.

हे नियम एकेक करून त्याच सारांशाला लावून पाहिले. काही न करता पाचपैकी एक शब्द जुळला होता. केवळ NFC ने 'गढ़ा' आला आणि दोन झाले. अदृश्य चिन्हे सरसकट पुसल्यावर 'वाङ्मय' आला, तीन झाले. मात्र 'वऱ्हाड' मोडला. आडव्या र चा नियम त्याच्या आधी ठेवल्यावर चार झाले, आणि विसर्गाच्या नियमाने पाच. सारांशातील एकही अक्षर दरम्यान बदललेले नव्हते.

येथे 'बदललेले नव्हते' हे शब्दशः घ्यावयाचे आहे. समरूपीकरण करावयाचे ते तुलनेपुरत्या घेतलेल्या प्रतीचे; लेखकाचा मूळ मजकूर जसा आला तसाच जतन करावयाचा. वाङ्मयातील वियोजक लेखकाने जाणूनबुजून, छपाई नीट व्हावी म्हणून घातलेला असू शकतो. तो आपल्या सोयीसाठी त्याच्या मजकुरातून कायमचा काढून टाकण्याचा अधिकार पडताळणी करणाऱ्याला नाही.

असे नियम केल्यावर ते बरोबर चालतात की नाही याची परीक्षा दोन प्रकारच्या जोड्यांनी करावी. एक, ज्या जुळल्याच पाहिजेत : दोन मार्गांनी लिहिलेला 'वऱ्हाड', वियोजकासह व त्याविना 'वाङ्मय', दोन्ही प्रकारचा 'गढ़ा'. दुसऱ्या, ज्या जुळताच कामा नयेत : 'दर्या' आणि 'दऱ्या', 'आचार्यास' आणि 'आचाऱ्यास', आणि या दुसऱ्या जोड्यांतील आडवा र दोन्ही मार्गांनी लिहून पाहावा. बहुतेक लोक पहिल्या प्रकारच्या जोड्या तपासून थांबतात. वर सांगितलेली सरसकट पुसण्याची चूक दुसऱ्या प्रकारच्या जोडीनेच पकडली जाते.

६

समरूपीकरण कोठे थांबवावे, हा प्रश्न आता घेऊ. या भागातील पाट्यांवर 'सिविल लाइंस' असे लिहिलेले असते. मराठी लेखक 'सिव्हिल लाइन्स' लिहितो. पाटीवर 'जबलपुर', मराठीत 'जबलपूर'. मराठीतल्या मराठीतही 'हिंदी' आणि 'हिन्दी' ही दोन्ही लेखने आढळतात. ही रूपेही संगणक भिन्न मानतो आणि कोणाला वाटेल की लगे हाथ तीही एक करून टाकावीत; अनुस्वाराचे परसवर्ण करावेत, ऱ्हस्वदीर्घाचा भेद बुजवावा, म्हणजे काम फत्ते.

माझ्या मते येथे थांबले पाहिजे. पाठचिकित्सेत हस्तलिखिते ताडून पाहणारा संपादक लेखनभेद आणि पाठभेद यांत फरक करतो. लेखनिकाच्या हाताच्या सवयीतून आलेले फरक तो एका बाजूला ठेवतो आणि ज्यामुळे शब्दच बदलतो ते फरक नोंदवितो. कोणता फरक कोणत्या वर्गात घालावयाचा, हे मात्र त्याला उघडपणे ठरवावे आणि सांगावे लागते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सित आवृत्ती सिद्ध केली, तेव्हा निरनिराळ्या लिप्यांतील हस्तलिखिते एकमेकांशी ताडून पाहावी लागली. अशा कामात लिपीचे रूप आणि शब्दाचे रूप यांची गल्लत झाली तर पुढील सारा विचारच ढासळतो.

आपल्या विषयात ही सीमारेषा आणखी एका पायरीने अलीकडे आहे. वाचकाच्या डोळ्याला जो फरक मुळीच दिसत नाही, तो समरूपीकरणाचा विषय. जो फरक वाचकाला दिसतो, तो लेखनाचा, प्रादेशिक रूपाचा किंवा शुद्धाशुद्धतेचा विषय. पहिला आज्ञावलीने निमूटपणे दूर करावा, कारण लेखकाला त्याची जाणीवही नसते आणि त्याबद्दल त्याला जबाबदार धरणे अन्याय्य आहे. दुसऱ्याबद्दल निर्णय माणसाने घ्यावा आणि तो आधी जाहीर करावा. 'जबलपुर' चालेल की नाही, नुक्त्याविना 'गढा' चालेल की नाही, हे बीजशब्दांच्या यादीतच प्रत्येक शब्दापुढे मान्य रूपे देऊन सांगता येते. लेखनपरीक्षेत तर ऱ्हस्वदीर्घ हाच परीक्षेचा विषय असू शकतो. तेथे तो भेद आज्ञावलीने परस्पर बुजविला, तर परीक्षेलाच अर्थ उरत नाही.

मराठीच्या दृष्टीने आणखी एक मर्यादा सांगितली पाहिजे. समरूपीकरणानंतरही बीजशब्द सापडेलच असे नाही, कारण आपली नामे विभक्तिप्रत्ययापूर्वी रूप बदलतात. 'वऱ्हाडात' मध्ये 'वऱ्हाड' अखंड सापडतो आणि 'वाङ्मयीन' मध्ये 'वाङ्मय' ही. परंतु 'दरी' हा बीजशब्द असेल आणि लेखकाने 'दऱ्यांमध्ये' असे लिहिले असेल, तर मूळ शब्दाची क्रमांकओळ तेथे नसतेच. हे सामान्यरूपाचे कोडे आहे, लिपीचे नव्हे, आणि ते सोडविण्यास व्याकरणाचे निराळे साधन लागते. दोन्ही कोडी एकत्र करून ठेवली, की कोणता दोष कशाने झाला हे कळेनासे होते.

विद्यार्थिनीच्या सारांशाची फेरछाननी झाली आणि तो परीक्षकांपर्यंत पोहोचला. त्यांनी त्याचे काय केले हा त्यांच्या अधिकाराचा भाग, आणि येथे तो अप्रस्तुत. ती फेरी चालू असताना मी तिला सहज विचारले की, वऱ्हाड हा शब्द सारांशात तीनदा कशासाठी आला आहे. पहिल्यांदा तो एकदाच होता, असे ती म्हणाली. मुदतीपूर्वी स्वतःच तपासून पाहण्याची सोय संस्थेने दिली होती. प्रत्येक वेळी "शब्द आढळला नाही" असे उत्तर आले, म्हणून तिने तो आणखी दोनदा घातला, आणि त्यासाठी जागा करताना जबलपूरच्या एका हस्तलिखित नियतकालिकाविषयीचे वाक्य गाळले. ते वाक्य तिने सारांशात परत घातले आहे. वऱ्हाड आता एकदाच येतो.